‘भाकरी’ची ‘माकरी’ होऊ नये म्हणून

माझी बहीण वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या एका जुन्या वाड्यात राहते आणि गेलं वर्षभर ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या करून विकते. बडोद्यात हे वाटतं तितकं सोपं नाही. इथे ‘भाखरी’ म्हटलं की गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर गव्हाच्या पिठाची, तेलाचं मोहन घातलेली, तव्यावर दाबून कडक भाजलेली गुजराती भाखरी येते. म्हणून पाकिटावर बाळबोध लिपीत, मराठी वळणाचं ‘भाकरी’ असं ठसठशीत अक्षर हवं, हा तिचा आग्रह होता. अक्षर तिच्या मुलीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, हातानं काढलं आणि कागदाची गुंडाळी घेऊन ती माझ्याकडे आली. मी आयुष्यभर पाट्या रंगवल्या आणि अक्षरं शिकवली, त्यामुळे घरात असं काही निघालं की ते माझ्याकडे येतंच.

“मामा, छान झालंय असं सगळे म्हणतात. पण काहीतरी खटकतंय आणि काय ते कळत नाही. तुम्ही बघा ना.”

हे ‘काहीतरी’ नेमकं कुठे असतं आणि ते कसं शोधायचं, ते त्या एका शब्दावरून सांगतो. हातानं काढलेल्या मराठी बोधचिन्हात मी तीन ठिकाणी बघतो: रेघेची जाडी कुठे वाढते आणि कुठे घटते, शिरोरेषा सलग आणि योग्य जागी तुटलेली आहे का, आणि अक्षरांच्या मधलं पांढरं सारखं वाटलं गेलंय का. बघण्याचा क्रमही हाच ठेवतो. जाडी बदलली की रेषा बदलते आणि रेषा बदलली की मधलं पांढरं बदलतं. आधी अंतरं नीट लावून मग जाडीला हात घातला, तर सगळं पुन्हा मांडावं लागतं.

भाचीनं १० मिलिमीटर रुंद टोकाच्या कट निबनं लिहिलं होतं. काना ७ सेंटिमीटर उंच, आख्खा शब्द २८ सेंटिमीटर लांब. म्हणजे कान्याची उंची टोकाच्या रुंदीच्या सातपट. हे प्रमाण चांगलं होतं, त्यात मी काहीच बदललं नाही.

आधी जाड-बारीक. सपाट टोकाच्या लेखणीनं काढलेल्या रेघेची जाडी हाताच्या दाबावर फारशी ठरत नाही. टोक कागदावर कोणत्या कोनात टेकलंय आणि हात कोणत्या दिशेनं चाललाय, यावर ती ठरते. हे समजायला निब कागदावर टेकवा आणि न हलवता उचला. एक छोटी तिरकी रेघ उमटेल. आता त्या रेघेच्याच दिशेनं निब ओढलीत तर केसासारखी बारीक रेघ निघते, कारण टोक आपल्याच कडेवर सरकतं. तिला काटकोनात ओढलीत तर टोकाची पूर्ण रुंदी, म्हणजे आपल्या उदाहरणात १० मिलिमीटर, उमटते. बाकी सगळ्या दिशा या दोन टोकांच्या मधे. टोक बरोबर ४५ अंशात धरलं तर उभी रेघ आणि आडवी रेघ दोन्ही ७ मिलिमीटरच्या येतात. टोक थोडं आडवं करून ३० अंशांवर आणलं तर उभी रेघ साडेआठच्या वर जाते आणि आडवी ५ वर उतरते. म्हणजे काना आणि शिरोरेषा यांच्या जाडीचं नातं एका कोनानं बांधलेलं आहे.

पण कोन किती, याच्याही आधीचा प्रश्न कोन कोणत्या बाजूला, हा आहे. आपल्या बाळबोध लिपीत टोकाचा डावा कोपरा वर आणि उजवा खाली असतो. इंग्रजी सुलेखनात नेमकं उलट, डावा कोपरा खाली आणि उजवा वर. बोरूचं टोक तिरकं छाटतात ते याचसाठी. सरळ कापलेल्या निबनं आपला कोन साधायचा तर उजव्या हाताचं मनगट फार पिळावं लागतं, आणि थकलेलं मनगट नकळत इंग्रजी कोनावर घसरतं.

भाचीचं हेच झालं होतं. ती व्हिडिओ बघून इंग्रजी अक्षरं शिकली आणि तीच निब, तीच पकड घेऊन मराठीकडे वळली. हे मला तिनं सांगायची गरज पडली नाही, कागदानं सांगितलं. रेघेची टोकं बघा. कान्याचा तळ जिथे संपतो तिथे निब उचलल्याची खूण राहते. डावा कोपरा वर आणि उजवा खाली असा उतार असेल तर लेखणी आपल्या बाजूची. तिच्या कान्यांचे तळ उलटे उतरले होते. मग क च्या डाव्या पोटाकडे बघा. क चं पोट म्हणजे कान्याला डावीकडे चिकटलेली गोलाई. आपल्या कोनात ती वर डाव्या खांद्यावर भरते, खाली डाव्या वळणाला बारीक होते आणि कान्याकडे परतताना उजव्या तळाला पुन्हा भरते. तिचा क खाली डावीकडे फुगला होता आणि खांद्याला सुकला होता. असा क चूक दिसत नाही, परका दिसतो. ‘खटकतंय पण कळत नाही’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

फूटपट्टी लावली तर काना जवळजवळ ९ मिलिमीटर आणि शिरोरेषा ५ मिलिमीटर निघाली. म्हणजे कोन उलट्या बाजूला ३० अंशांच्या आसपास. मी तिला म्हटलं, “अगं, अक्षर तुझं चांगलंच आहे, फक्त लेखणी दुसऱ्या लिपीची आहे.” तिला निबऐवजी तिरका छाटलेला बोरू दिला आणि तोच शब्द वीस वेळा लिहायला लावला. बोधचिन्ह म्हणून नव्हे, नुसता रोजचा सराव म्हणून.

कोन किती ठेवायचा यावर माझं मत सांगतो. ४५ अंशांत काना आणि शिरोरेषा मोजून सारख्या येतात, पण डोळ्याला आडवी रेघ उभीपेक्षा थोडी जाड वाटते. त्यात शिरोरेषा शब्दभर पसरलेली. म्हणून बोधचिन्हाला मी ४० अंशांच्या जवळ राहतो. तेव्हा शिरोरेषा साडेसहा मिलिमीटरच्या आत-बाहेर आणि काना पावणेआठच्या जवळ येतो. मोजमापात हा फरक दिसतो, पण बघणाऱ्याला दोन्ही एकाच लेखणीचे, एकाच वजनाचे वाटतात. हवे आहेत तेही तसेच.

या कोनाचा एक त्रास र ला होतो. र चा पाय वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतो, म्हणजे जवळपास टोकाच्याच दिशेनं. पाय बरोबर टोकाच्या कोनात ओढला तर तो केसाएवढा होतो आणि शब्दाच्या मधोमध एक काडी उभी राहते. म्हणून पाय जरा उभट ओढायचा. आडव्यापासून ६० अंश उतरता ओढला आणि लेखणी ४० वर ठेवली, तर तो साडेतीन मिलिमीटरच्या जवळ येतो. त्याहून जाड हवा असेल तर पाय उतरताना लेखणी बोटांत किंचित फिरवावी लागते. जुने लिहिणारे हे इतक्या सहज करत की त्यांना विचारलं तर ‘फिरवतो कुठे?’ म्हणत.

सुलेखन आणि बोधचिन्ह इथे वेगळे होतात. कागदावर बोरूनं काढलेली केसरेघ सुंदर दिसते. पण २८ सेंटिमीटरचा शब्द पाकिटावरच्या ४ सेंटिमीटरच्या चिकटपट्टीवर न्यायचा म्हणजे सातपट लहान करायचा. १ मिलिमीटरची रेघ तिथे ०.१४ मिलिमीटर होते. छापताना ती तुटक येते, नाहीतर येतच नाही. म्हणून शब्द लिहून झाल्यावर ट्रेसिंग कागदावर उतरवताना सगळ्यात बारीक जागा हातानं भरून घ्यायच्या. मी भाचीला ३ मिलिमीटर ही खालची मर्यादा दिली. भरायचं मात्र दोन्ही कडांनी सारखं. नुसत्या आतल्या कडेनं भरलं तर वळण बसकं होतं, नुसत्या बाहेरच्या कडेनं भरलं तर त्याला कुबड येतं.

आता शिरोरेषा. बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला या विषयात एक वेगळं आजोळ आहे. गायकवाडांच्या दफ्तरातले मोडी कागद पाहिलेत तर दिसेल की मोडीत रेघ आधी. पानभर रेघा ओढून घ्यायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जायची. बाळबोध लिपीत रेघ ही त्या त्या अक्षराचा भाग मानतात, शेजारच्या अक्षराची रेघ तिला येऊन मिळते. गुजरातीत रेघच नाही. भाची गुजराती शाळेत शिकली आणि मराठी घरी वाचायला शिकली. तिचा हात अक्षरं आधी सुटीसुटी, रेघेशिवाय काढतो आणि मग वरून पट्टी लावून एक रेघ ओढून टाकतो. मराठी शाळांतली मुलंही घाईत असंच करतात. वहीत चालतं, पण बोधचिन्हात त्यानं दोन दोष येतात.

पहिला दोष असा की रेघेला कुठे थांबायचं ते माहीत नसतं. मराठीत थ, ध, भ आणि श यांच्या डाव्या भागावर शिरोरेषा येत नाही. तो भाग वर जाऊन आत मुरडतो आणि मोकळा राहतो. ही मोकळी जागा म्हणजे अक्षराची ओळख आहे. ती बुजली की ध चा घ होतो आणि भ चा म. तिच्या पहिल्या कागदावर पट्टीनं ओढलेली रेघ डावीकडून थेट उजवीकडे गेली होती आणि शब्द सरळसरळ ‘माकरी’ झाला होता. ते तिच्याही लक्षात आलं होतं. म्हणून तिनं पांढऱ्या रंगानं भ च्या वर ३ मिलिमीटरची फट पाडली होती.

ही फट दोन कारणांनी चालत नव्हती. एक तर मापाचं. सातपट लहान केल्यावर ३ मिलिमीटरची फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते. प्लास्टिकच्या पाकिटावर शाई जरा पसरली की फट भरून आली आणि पुन्हा माकरी. माझा ठोकताळा असा आहे की मोकळी जागा निदान शिरोरेषेच्या जाडीएवढी असावी, थोडी जास्त असली तर बरं. रेषा साडेसहा मिलिमीटरची तर फट आठ मिलिमीटरची. चिकटपट्टीवर ती १ मिलिमीटरच्या थोडी वर राहते आणि शेजारच्या रेषेहून रुंद दिसते, त्यामुळे ती मुद्दाम ठेवलेली आहे हे वाचणाऱ्याला कळतं. रेषेहून अरुंद फट छपाईची चूक वाटते.

दुसरं कारण आकाराचं. रेघ ओढून मग ती खोडून पाडलेली फट उभी कापल्यासारखी, चौकोनी कडेची दिसते. खरी फट खोडून होत नाही. भ ची शिरोरेषा मुळात कान्याच्या जरा डावीकडे सुरू होते आणि उजवीकडे जाते. तिची सुरुवात लेखणी टेकवल्याची असते, म्हणजे तिला ४० अंशांची तिरकी कड असते, वरचा कोपरा डावीकडे आणि खालचा उजवीकडे. डावा मुरडलेला भाग तिच्याकडे वळतो आणि थोडं अंतर राखून थांबतो. त्या वळणाचं गोल टोक आणि रेषेची तिरकी कड यांच्या मधे जी जागा उरते, ती अक्षराच्या बाकी वळणांशी जुळते. म्हणून मी तिला म्हटलं, भ चा भ कर. म काढून त्याला भोक पाडू नकोस. तिनं भ स्वतंत्रपणे, रेघेसकट, तीस-चाळीस वेळा काढला. त्यातला एक मनासारखा आला.

दुसरा दोष सलगपणाचा आहे आणि तो संगणकावर गेल्यावर दिसतो. तिनं दुसऱ्या खेपेला उलट टोक गाठलं. प्रत्येक अक्षर आपापल्या रेघेसकट वेगवेगळं लिहिलं, स्कॅन केलं आणि संगणकावर शेजारी शेजारी ठेवलं. आता भ बरोबर होता, पण रेघ पाच तुकड्यांची झाली होती. क ची रेघ शेजारच्या कान्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली, र ची किंचित जाड. पडद्यावर शब्द लहान करून बघितला तर काही वाटत नव्हतं. मी तिला तो मोठा करून कागदावर छापून आणायला सांगितला, मग कागद उलटा, डोकं खाली करून भिंतीला लावला. उलटा शब्द आपण वाचत नाही, नुसता आकार बघतो. खालून गेलेल्या त्या रेघेत पायऱ्या लगेच दिसल्या, आणि क व र च्या मधे दोन तुकडे नुसते टेकले होते तिथे एक पांढरा धागाही दिसला. तुकडे जोडताना ते एकमेकांवर चढवून एकच आकार करून घ्यायचे, टेकवून सोडायचे नाहीत.

पण म्हणून पट्टीनं आखलेली तलवारीसारखी सरळ रेषाही नको. हाताच्या अक्षरावर यंत्राची रेषा बसवली की खालची अक्षरं लोंबकळतात. मी असं करतो की रेषेची वरची कड जवळपास सरळ ठेवतो, कारण शब्दाची उंची डोळा तिथे मोजतो. खालच्या कडेला हात हलला असेल तर तसाच राहू देतो. आणि एक जागा तपासतो. काना किंवा र ची मान जिथे रेषेला मिळते, तिथल्या आतल्या कोपऱ्यांत काळं साचतं. लिहिताना शाई साचते, छापतानाही साचते. त्या कोपऱ्यांत अगदी थोडं, खाच वाटणार नाही इतकं, पांढरं आत घ्यायचं. या शब्दात अशा पाच जागा होत्या. त्या साफ केल्यावर रेषा हलकी वाटायला लागली, तिची जाडी तीच राहूनही.

गुजराती वळणाची एक खूण तिच्या कान्यांना होती, तिचाही इथेच उल्लेख करतो. गुजराती काना खाली जाऊन किंचित उजवीकडे वळतो, कारण वर आधाराला रेघ नाही आणि अक्षराला पाय लागतो. तिचे तिन्ही मोठे काने तसे वळले होते. वर शिरोरेषा असताना खाली असा पाय आला की शब्द वर आणि खाली दोन्हीकडे धरल्यासारखा होतो आणि अक्षराची लय आखडते. ते पाय काढायला सांगितले. तिला ते आवडत होते, म्हणून थोडा वाद झाला. शेवटी दोन्ही छापून शेजारी लावले तेव्हा ती स्वतःच म्हणाली, “वळवलेलं दुकानाच्या गुजराती पाटीसारखं दिसतंय.”

मग अक्षरांमधला तोल. ‘भाकरी’ शब्दात उभ्या रेघा मोजा: भ चा काना, मग भा चा काना, मग क च्या मधली उभी रेघ, र ला काना नाहीच, आणि शेवटी वेलांटीचा काना. डावीकडे दोन काने खेटून, उजवीकडे र च्या खाली मोकळं मैदान. हा शब्द मुळातच डावीकडे दाट आणि उजवीकडे विरळ आहे. सगळ्या अक्षरांमधे पट्टीनं सारखं अंतर ठेवलं तर तो दोष तसाच राहतो, कारण डोळा रेघेपासून रेघेपर्यंतचं अंतर मोजत नाही, मधे किती पांढरं मावलंय ते बघतो.

पांढरं मोजायला बहिणीच्या घरात हाताशी ज्वारी होतीच. मोठा छापील कागद मेजावर पसरला आणि अक्षरांच्या मधल्या जागांत, शिरोरेषेच्या खालपासून कान्याच्या तळापर्यंत, ज्वारीचे दाणे एका थरात पसरवले. मग प्रत्येक जागेतले मोजले. भ आणि त्याचा काना यांच्या मधे ४० दाणे, काना ते क चं पोट ७५, क ते र ६० आणि र ते वेलांटीचा काना ११०. भाची मोजत होती आणि बहीण म्हणत होती की मोजून झाले की परत डब्यात टाका.

हे आकडे सगळे सारखे करायचे नाहीत, हे आधी सांगतो. भ आणि त्याचा काना ही अक्षराच्या आतली जोडी आहे. तिथलं पांढरं कमीच हवं, नाहीतर भ वेगळा आणि काना वेगळा दिसतो. फक्त ते इतकंही कमी नको की दोन काने मिळून एक जाड खांब वाटावा. दोन अक्षरांच्या मधल्या जागा मात्र एकमेकींच्या जवळ हव्यात. इथे ७५, ६० आणि ११० होते. म्हणजे क आणि र दाटले होते आणि र च्या पुढे खड्डा पडला होता.

खड्डा भरायचा सोपा उपाय म्हणजे वेलांटीचा काना डावीकडे ओढणं. तो एका मर्यादेपर्यंतच चालतो, कारण पुढे कान्याला र चा पाय आपटतो. आम्ही दोन गोष्टी केल्या. र चा पाय थोडा लांब करून कान्याच्या तळाकडे नेला, म्हणजे मोकळ्या मैदानात तो स्वतः गेला. आणि काना ४ मिलिमीटर डावीकडे घेतला. क आणि र च्या मधे ३ मिलिमीटर वाढवले. भ आणि काना यांच्यात एक मिलिमीटर दिला. पुन्हा दाणे घातले तेव्हा ४५, ७८, ७४ आणि ८२ आले. शेवटची जागा अजून थोडी जास्त होती, पण मी तिथे थांबलो.

थांबण्याचं कारण हे की दाणे सगळं सांगत नाहीत. पांढरं बंद आहे की उघडं, हे त्यांना कळत नाही. क च्या पोटातलं पांढरं चारी बाजूंनी कोंडलेलं असतं, म्हणून ते थोडं असूनही उजळ दिसतं. र च्या खालचं पांढरं तळाला उघडं असतं आणि बाहेरच्या कागदात वाहून जातं, म्हणून त्याला जरा जास्त दाणे लागतात. पहिली ढोबळ चूक पकडायला दाणे उत्तम. शेवटचा मिलिमीटर मात्र कागद चार पावलांवर ठेवून, डोळे किंचित मिटून, शब्द करड्या पट्ट्यासारखा दिसेल असं बघूनच ठरवावा. त्या पट्ट्यात कुठे काळा डाग किंवा उजेडाची फट दिसली तर ती जागा अजून बाकी आहे.

एक गोष्ट शिरोरेषेच्या वरची. या आख्ख्या शब्दात रेषेच्या वर जाणारं एकच काही आहे, शेवटची वेलांटी. तिनं ती हौसेनं मोठी केली होती, र ओलांडून क च्या डोक्यावर येईपर्यंत. सगळं वजन वर उजवीकडे गेलं होतं आणि शब्द उजवीकडे कलंडतो असं वाटत होतं. डावीकडे तोल द्यायला काही ठेवता येईल का, असं तिनं विचारलं. शिरोरेषा डावीकडे लांबवता येत नाही, कारण तिथे भ ची मोकळी जागा आहे. नक्षी लावली तर ती मात्रा वाटण्याची भीती. म्हणून वेलांटीच लहान केली. तिची कमान र च्या मानेवर येऊन संपली. जाडीही बदलली: आपल्या कोनात वेलांटी कान्यावरून उठताना उजवीकडे बारीक असते आणि डाव्या खांद्यावर भरते. तिनं ती सगळीकडे सारखी जाड ठेवली होती. उजवी बाजू बारीक झाल्याबरोबर टोकाचं वजन आत सरकलं आणि शब्द उभा राहिला.

या सगळ्याला आमचे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी तिनं चिकटपट्ट्या छापून आणल्या. वाड्यासमोरच्या किराणा दुकानदाराला, जो घरी गुजरातीच वाचतो, तिनं काही न सांगता पट्टी दाखवली. त्यानं ‘भाकरी’ वाचलं, ‘माकरी’ नाही. मग फोनवरच्या गोल चित्रात तोच शब्द टाकला. तिथे शब्दाला जेमतेम २ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे मूळ चित्र चौदापट लहान. भ ची फट अर्ध्या मिलिमीटरवर आली आणि र चा पाय दिसेनासा झाला. म्हणून लहान मापासाठी तिनं वेगळं चित्र काढलं: सगळ्यात बारीक रेघ ३ ऐवजी साडेचार मिलिमीटर, सगळ्यात जाड १० ऐवजी ९, फट ८ ऐवजी ११, आणि अक्षरांमधलं पांढरं जरा सैल. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर लहान मापाचं चित्र जाडसर आणि थोडं गावठी दिसतं. फोनवर मात्र ते पहिल्यासारखंच दिसतं.